खाडे धरूनच आखलेला व्यायाम

रोजच्या व्यायामाचा आराखडा करताना खाडे सुरुवातीलाच गृहीत धरावे लागतात. लग्नसराई, बदली, परीक्षेचे दिवस, पावसाळ्यातला ताप यांतून वर्षभर सुटलेला माणूस सापडणे कठीण. तरी बहुतेक आराखडे असे काही होणारच नाही अशा थाटात केलेले असतात आणि पहिल्याच खाड्याला मोडतात.

एका खाड्याने शरीराचे वा सवयीचे फारसे बिघडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय निवडायला सांगितली आणि १२ आठवडे तिचा मागोवा घेतला. २०१० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. २१ दिवसांचा लोकप्रिय आकडा इथे कुठेच बसत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्याच्या वेगावर लक्षणीय परिणाम झाला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. घात होतो तो ‘आता नेम मोडलाच’ या भावनेने. एका दिवसाचा खाडा मग आठवड्याचा होतो.

म्हणून वेळ ठरलेली हवी, पण तिला पर्यायही हवा. गूगल कंपनीच्या अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना स्वतः ठरवलेल्या वेळेलाच व्यायामशाळेत गेल्यास पैसे मिळत, तर काहींना कोणत्याही वेळी गेल्यास. पैसे बंद झाल्यावर दुसऱ्या गटाचे जाणे जास्त टिकले. पहिल्या गटातल्यांची ठरलेली वेळ चुकली की ते त्या दिवशी बहुधा जातच नसत. सकाळी सहाची वेळ लिहिताना तिच्याखाली ‘चुकल्यास संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी’ ही ओळ लिहायची ती यासाठी.

दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक दिवसासाठी एकच माप ठेवले की ते न जमलेला दिवस आपोआप खाड्यात जातो. त्यापेक्षा दोन मापे ठरवावीत, पूर्ण आणि छोटे. नाशिकमधली ४५ वर्षांची एखादी बँक अधिकारी घेऊ. तिचे पूर्ण माप असे: आठवड्यातून पाच दिवस ३५ मिनिटे झपझप चालणे आणि त्यांपैकी दोन दिवस चालून आल्यावर बैठका, भिंतीला हात टेकून जोर आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. चालण्याची बेरीज १७५ मिनिटांची होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची किमान १५० मिनिटे आणि स्नायूंचा व्यायाम दोन दिवस सुचवते, त्यात हे बसते. छोटे माप बारा मिनिटांचे: सहा सूर्यनमस्कार, दहा-दहा बैठकांच्या दोन फेऱ्या आणि उरलेल्या वेळात जिना चढउतार. याला सतरंजीएवढी जागा पुरते आणि बूट विसरले तरी अडत नाही.

छोटे माप मनाच्या समाधानापुरतेच असते असे नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, आधी कसून व्यायाम करणाऱ्यांचा रोजचा वेळ ४० मिनिटांवरून १३ मिनिटांवर आणला, पण दमछाकीची पातळी तीच ठेवली. १५ आठवड्यांनंतरही त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून होती. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. प्रवासात वेळ कापावा, जोर शक्यतो कापू नये, एवढे त्यातून घेता येते.

आता याच अधिकारी तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला निघाल्या असे समजू. घरात त्यांच्या व्यायामाची खूण सकाळचा चहा ही होती: कप खाली ठेवला की बूट घालायचे. परगावी घरचा चहा नाही, ओळखीचा रस्ताही नाही, त्यामुळे खूणही हरवते. नवी खूण निघण्याआधीच ठरवलेली बरी, आणि ती कुठेही मिळणारी हवी: ‘दात घासून झाले की खोलीतच छोटे माप’. रात्रभर रेल्वेत झोप झाली नसेल तर पहिल्या दिवशी स्टेशनवरचे चालणे पुरेसे मानावे. अर्धवट झोपेत बैठका काढण्यात शहाणपण नाही. परतल्यावर दुसऱ्या सकाळी पूर्ण माप. बुडालेली मिनिटे रविवारी एकदम भरून काढण्याचा मोह पडतो, त्यातूनच गुडघे आणि पोटऱ्या धरतात.

आजारात मात्र छोटे मापही बाजूला ठेवायचे, पण सरसकट नव्हे. क्रीडावैद्यकात एक सोपी चाळणी वापरली जाते. लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नाक गळणे, शिंका, घशात खवखव एवढेच असेल, तर हलके चालून पाहावे आणि दहा मिनिटांत जास्त वाटू लागले तर थांबावे. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, उलट्या किंवा जुलाब असतील तर पूर्ण विश्रांती. तापात जोर लावल्याने शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल तर धोका जिवावरचा असतो. डेंग्यूनंतर किती दिवसांनी सुरुवात करायची हे डॉक्टरांनीच रक्ततपासणी पाहून ठरवावे.

या अधिकाऱ्यांना पाच दिवस ताप आला असे धरू. ताप उतरवणाऱ्या गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल, तेव्हा पहिला दिवस दहा मिनिटे सपाटीवर सावकाश चालण्याचा. पुढे एक-दोन दिवसांआड पाच-पाच मिनिटे वाढवत साधारण दहा दिवसांत ३५ मिनिटांपर्यंत यावे. बैठका आणि जोर शेवटी. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवे. सकाळी उठल्यावर मोजलेली नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला दहा ठोक्यांनी जास्त भरली, तर त्या दिवशी वाढ करू नये. छातीत दुखणे, धडधड किंवा जिना चढताना नवीन धाप लागत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे.

आजाराविना पडलेल्या खाड्यांचा हिशेब सोपा आहे. आठवड्याच्या आतला खंड असेल तर जिथे सोडले तिथूनच धरावे. दोन-तीन आठवडे गेले असतील तर निम्म्यापासून सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ववत यावे. सरावलेल्या खेळाडूंचीही प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांच्या खंडानंतर सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली आढळली आहे. स्नायूंची ताकद त्यापेक्षा सावकाश ओसरते. पहिल्या दिवशी धाप लागली म्हणून ‘सगळे वाया गेले’ असे मानायचे कारण नाही.

नोंदीसाठी घरातली दिनदर्शिका पुरते: पूर्ण मापाला फुली, छोट्याला ठिपका, आजाराला ‘आ’. सलग दिवसांची साखळी मोजण्यापेक्षा आठवड्यातल्या फुल्या आणि ठिपके मिळून पाच झाले का, एवढेच पाहावे. साखळी एका तापाने तुटते. आठवडा दर सोमवारी नवा सुरू होतो. सलग दोन दिवस कोरे गेले आणि ‘आ’ही नसेल, तर तिसऱ्या दिवशी छोटे माप करायचेच, इतका एक नियम कडक ठेवावा. महिनाभरात फुल्यांपेक्षा ठिपके जास्त दिसू लागले, तर पूर्ण माप दिनक्रमाला पेलत नाही असे समजावे आणि ३५ मिनिटांचे २५ करावे.