बादली एक, घड्याळ कुणाचं?

स्ट्राइप ही अमेरिकेतली कंपनी जगभरातल्या ऑनलाइन दुकानांसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करते. दुकानाचा प्रोग्राम स्ट्राइपच्या सर्व्हरला विचारतो, ‘हा व्यवहार झाला का?’ आणि सर्व्हर उत्तर देतो. आता समजा, एका दुकानाच्या प्रोग्रामरकडून चूक झाली आणि ‘झालं का, झालं का’ हा प्रश्न सेकंदाला हजार वेळा जाऊ लागला. त्यात वाईट हेतू काहीच नाही, पण त्या एका दुकानापायी बाकीच्यांची उत्तरं अडतात. म्हणून दारातच एक राखणदार बसवतात. तो मर्यादेपलीकडची विचारणा 429 हा ठरलेला आकडा देऊन परत पाठवतो. या राखणदाराला रेट लिमिटर म्हणतात. स्ट्राइपने 2017 मध्ये आपला राखणदार कसा बांधला ते जाहीर लिहिलं. त्यात हिशेबासाठी टोकनची बादली होती आणि ती ठेवायला रेडिस हा स्मरणातच माहिती राखणारा डेटाबेस होता.

बादलीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक ग्राहकाची एक बादली. समजा तिच्यात 20 टोकन मावतात आणि दर सेकंदाला 5 नवी पडतात. एक विचारणा आली की एक टोकन काढायचं. बादली रिकामी असेल तर 429. भरलेल्या बादलीत पडणारं टोकन वाया जातं. यामुळे ग्राहकाला एका दमात 20 विचारणा करता येतात, पण सतत करायच्या तर सेकंदाला पाचच. ‘मिनिटाला 300’ अशी साधी मोजणी का नको? कारण हुशार ग्राहक मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला 300 आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला 300 विचारणा करतो. दोन्ही मिनिटांत नियम पाळलेला दिसतो आणि सर्व्हरवर मात्र दोन सेकंदांत 600 विचारणा आदळतात.

गंमत अशी की बादलीत टोकन टाकायला कुणी बसलेलं नसतं. लाखो बादल्यांत दर सेकंदाला टोकन टाकत फिरणं परवडणारही नाही. त्याऐवजी दोनच गोष्टी लिहून ठेवतात: शेवटी किती टोकन उरली होती आणि तेव्हा किती वाजले होते. पुढची विचारणा आली की मधल्या वेळेची भर तेव्हाच धरायची.

```
tokens = min(20, tokens + elapsed * 5)
```

`elapsed` म्हणजे मध्ये गेलेले सेकंद. रिकामी बादली चार सेकंदांत काठोकाठ भरते, म्हणून चार सेकंद गप्प राहिलेल्या ग्राहकाची नोंद पुसली तरी चालतं. नोंद नाही म्हणजे बादली भरलेली, असं धरायचं. रेडिसला ‘ही नोंद आठ सेकंदांनी फेकून दे’ असं सांगून ठेवलं की जागाही अडत नाही.

एकाच सर्व्हरचं दुकान असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण सर्व्हर दहा असतात आणि ग्राहकाची कुठली विचारणा कुणाकडे जाईल ते आधी सांगता येत नाही. प्रत्येक सर्व्हरला दोन-दोन टोकनांची छोटी बादली वाटून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. वाटणी कधी समसमान होत नाही. एका सर्व्हरकडे लागोपाठ तीन विचारणा गेल्या की बाकी नऊ बादल्या भरलेल्या असूनही ग्राहकाला नकार मिळतो. म्हणून बादली एकच, रेडिसमध्ये.

आता खरी मेख येते. पहिला सर्व्हर रेडिसला विचारतो, ‘किती उरली?’ उत्तर येतं, एक. त्याच क्षणी दुसराही विचारतो आणि त्यालाही एकच ऐकू येतं. दोघंही ‘एक वजा एक शून्य’ करून शून्य लिहितात आणि दोघंही आपापल्या ग्राहकाला आत सोडतात. टोकन एक, माणसं आत दोन. चाचणीत हे सापडत नाही, कारण तिथे विचारणा एकामागून एक येतात. गर्दीच्या वेळी, म्हणजे राखणदाराची खरी गरज असते तेव्हाच, गळती सुरू होते. उपाय असा की वाचणं, भर धरणं, वजा करणं आणि लिहिणं हे सगळं सर्व्हरवर करायचंच नाही. लुआ भाषेतली दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट रेडिसलाच द्यायची. ती चालू असताना रेडिस दुसऱ्या कुणाचंही ऐकत नाही, त्यामुळे वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये कुणी घुसत नाही.

इथवर बहुतेक जण येतात आणि निश्चिंत होतात. मला सर्वांत खोडकर वाटते ती चूक याच्या पुढची, घड्याळाची. ‘आत्ता किती वाजले’ हे स्क्रिप्टला कोण सांगतं? पुष्कळदा विचारणा घेऊन येणारा सर्व्हर आपल्या घड्याळात बघून सांगतो. समजा अ सर्व्हरचं घड्याळ ब पेक्षा दोन सेकंद पुढे आहे. बादली रिकामी आहे आणि अ ने नुकतीच वेळ लिहिली, 10:00:02. आता ब येतो. त्याच्या मते 10:00:00 वाजलेत. वेळ मागे गेलेली दिसते, म्हणून स्क्रिप्ट शून्य टोकनांची भर धरते आणि नकार देते. इथवर ठीक. पण जाता जाता ती शेवटची वेळ म्हणून 10:00:00 लिहून ठेवते. पुढच्याच क्षणी अ परत येतो, त्याच्याकडे 10:00:02. दोन सेकंद गेले असं समजून स्क्रिप्ट दहा टोकन बादलीत टाकते, आणि प्रत्यक्षात तर डोळ्याची पापणीही लवलेली नाही. अ आणि ब आळीपाळीने येत राहिले की प्रत्येक फेरीला दहा टोकन फुकट. मर्यादा कागदावर उरते.

उपाय एका ओळीचा आहे: स्क्रिप्टने वेळ रेडिसकडूनच घ्यावी, त्यासाठी `TIME` ही आज्ञा आहे. बादली एक, तसं घड्याळही एक. जोडीला, लिहून ठेवलेली वेळ कधी मागे नेऊ नये. मुख्य रेडिस बंद पडून त्याची जागा दुसऱ्याने घेतली तर घड्याळ पुन्हा बदलतंच.

अशी गळती चालू आहे हे ओळखायचं कसं? कोड वाचून सहसा कळत नाही, नोंदवहीवरून कळतं. एका ग्राहकाच्या आत सोडलेल्या विचारणा सगळ्या सर्व्हरच्या नोंदींतून गोळा कराव्यात. कुठल्याही दहा सेकंदांत त्या 20 अधिक 50, म्हणजे 70 च्या वर जाता कामा नयेत. 90 दिसल्या तर दोन सर्व्हर एकच टोकन खर्चताहेत किंवा घड्याळं भांडताहेत, असा संशय घ्यावा. नकारच होत नसतील तर आणखी एक शक्यता असते: रेडिसच बंद पडला आहे.

कारण तेव्हा काय करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. स्ट्राइपने दार उघडं ठेवायचं ठरवलं: राखणदारच आजारी पडला तर सगळ्यांना आत सोडा. पैसे घेणाऱ्या दुकानासाठी ते बरोबरच वाटतं. मोजणी चुकली म्हणून विक्री थांबवणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. पण पासवर्ड तपासणाऱ्या दारावर मी उलट करीन. तिथे मोजणी बंद असताना उघडं राहिलेलं दार चोराला हवंच असतं.

नकार मिळालेल्या ग्राहकाचं काय? 429 सोबत `Retry-After` पाठवून किती सेकंद थांबायचं ते सांगता येतं. बादलीत 0.4 टोकन असेल तर उरलेलं 0.6 भरायला 0.12 सेकंद पुरतात. मात्र तिथे पूर्ण सेकंदच लिहिता येतात, म्हणून एक लिहायचा. त्या दुकानाचे पन्नास प्रोग्राम एकदम नाकारले गेले, तर पन्नासही बरोबर एका सेकंदाने परत येतील. तोवर बादलीत जेमतेम पाच टोकन जमलेली असतील. म्हणून शहाणा प्रोग्रामर त्या एका सेकंदावर आपल्या मनाने थोडा कमी-जास्त उशीर घालतो, प्रत्येक वेळी वेगळा.