३६० चे चोवीस विभाजक

३६० ला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? एकेक संख्या लावून बघत बसलं, तर एखादी हमखास निसटते. त्यापेक्षा आधी मूळ अवयव पाडावेत : ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५.

३६० चा प्रत्येक विभाजक याच सामानातून तयार होतो. त्यात २ किती वेळा घ्यायचा? एकदाही नाही, एकदा, दोनदा किंवा तीनदा, म्हणजे चार पर्याय. ३ साठी तीन पर्याय, ५ साठी दोन. ४ × ३ × २ = २४, म्हणून विभाजक चोवीस. ‘एकदाही नाही’ हा पर्याय विसरला, की ३ × २ × १ करून सहा असं उत्तर येतं. ही चूक सर्रास होते.

बेरजेची रीत तर मला अधिकच सुंदर वाटते :

(१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ५)

कंस सोडवताना प्रत्येक कंसातली एकेक संख्या उचलून गुणाकार होतो. ४, ९ आणि ५ उचलले की १८०. ८, १ आणि १ उचलले की ८. प्रत्येक विभाजक नेमका एकदाच येतो. १५ × १३ × ६ = ११७०. यात १ आणि खुद्द ३६० हेही आले.

मात्र ३६० चे ६ × ६० असे तुकडे करून चालत नाही. सहाचे चार विभाजक, साठचे बारा. गुणाकार ४८, म्हणजे दुप्पट! दोन्ही तुकड्यांत २ आणि ३ आहेत, म्हणून तेच विभाजक पुन्हा पुन्हा मोजले जातात. ८ × ४५ मध्ये सामाईक अवयव नाही, तिथे ४ × ६ = २४ बरोबर येतं. तुकडे पाडण्याआधी एवढं जरूर तपासा.