मक्त्यात शायराला कोण बोलते?

गझल आपल्या घरांत नवी नाही. रेडिओवर, लग्नघरात, मुशायऱ्यात ती कानावर पडते आणि दोन-चार शेर प्रत्येकाला पाठ असतात. पण शेवटच्या शेरात शायराचे नाव आले की आपण समजतो, शायराने सही केली, गझल संपली. या शेराला मक्ता म्हणतात. त्यात शायराचे काव्यनाम, म्हणजे तखल्लुस, यावे लागते. ते नसेल तर तो नुसता शेवटचा शेर.

मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना 'तुका म्हणे' ठाऊक असते, म्हणून मक्ता त्यांना ओळखीचा वाटतो. फरक एवढाच की अभंगात तुकोबा बोलतात आणि लोक ऐकतात. मक्त्यात पुष्कळदा शायरालाच ऐकून घ्यावे लागते.

मिर्झा गालिब (1797-1869) यांची एक प्रसिद्ध गझल घेऊन हे पाहू. प्रियेची भेट आमच्या नशिबातच नव्हती, या हळहळीने ती सुरू होते. प्रचलित दीवानात तिचे 11 शेर आहेत आणि तिची रदीफ आहे 'होता'. मराठीतला 'होता' वेगळा. इथे त्याचा अर्थ 'असता' किंवा 'झाला असता'. म्हणजे ही सगळी गझल न घडलेल्या गोष्टींची आहे. मित्र उपदेश करत बसले, त्याऐवजी कोणी दुःख वाटून घेणारा असता तर? मेल्यावर बदनामी झाली, त्यापेक्षा दर्यात बुडालो असतो तर ना जनाजा निघाला असता, ना कुठे मजार झाली असती.

दहाव्या शेरात शायर एकदम वर उठतो. तो एकमेव आहे, त्याला कोण पाहू शकणार? दुजेपणाचा नुसता गंध जरी असता, तरी कुठेतरी गाठ पडली असती. प्रियेच्या भेटीपासून निघालेली गझल इथे तौहीदपर्यंत येते, तीही त्याच 'असता'च्या वाटेने.

आणि मग मक्ता येतो. तसव्वुफचे हे कठीण विषय आणि गालिब, तुझे हे निरूपण! तू दारूबाज नसतास तर आम्ही तुला वली समजलो असतो.

'हे विषय' म्हणजे कोणते, तर नुकताच ऐकलेला दहावा शेर. आता सर्वनामांकडे पाहा. पहिल्या शेरातले 'आमचे' नशीब हे प्रेमिकाचे नशीब होते. मक्त्यातले 'आम्ही' मात्र समोर बसलेले लोक आहेत आणि शायर झाला आहे 'तू'. दहा शेर जो बोलत होता, त्याच्याकडे अकराव्यात लोकांच्या नजरेने पाहिले जाते. रदीफ तीच राहते, पण तिचा रंग पालटतो. प्रियेची भेट झाली नाही, ती नशिबाने. वलीचा मान मिळाला नाही, तो स्वतःच्या सवयीने. इतका वेळ नशिबावर ठेवलेला दोष शेवटच्या ओळीत शायराच्या स्वतःच्या पदरात पडतो, आणि तोही हसत हसत.

गालिबचे शागीर्द मौलाना हाली यांनी 'यादगार-ए-गालिब' (1897) या चरित्रात याची एक आठवण दिली आहे. मक्ता ऐकून बादशाह बहादूरशाह जफर म्हणाले, आम्ही तर तरीही तुम्हाला वली समजलो नसतो. गालिबनी उत्तर दिले की हुजूर आजही तसेच समजतात. मला वलीपणाचा गर्व होऊ नये म्हणून असे म्हणतात. बादशाह सहज त्या 'आम्ही'मध्ये जाऊन बसले, कारण मक्त्याने श्रोत्यांसाठी ती जागा मोकळी ठेवली होती.

हे ध्यानात घेतले नाही तर दोन चुका होतात. पहिली, हा शेर सुटा ऐकून तरुण मुले त्यात दारूची फुशारकी शोधतात. वास्तविक दारू इथे मधला अडसर आहे. तिच्यामुळे मान हुकला, असे शेर सांगतो. दुसरी चूक गाण्याच्या बैठकीतली. गझलेचे शेर सुटे असतात, म्हणून गायक त्यांतले चार-पाच निवडतो. दहावा गाळून मक्ता गायला, तर 'हे विषय' म्हणताना बोट कशाकडे दाखवायचे?

अर्थात प्रत्येक मक्ता असा नसतो. पुष्कळ मक्त्यांत नाव केवळ शिक्क्यासारखे येते. ते ओळखायला सोपी रीत आहे: त्या नावाच्या जागी तेवढ्याच वजनाचे दुसरे नाव घालून पाहावे. काहीच बिघडले नाही, तर तो शिक्का. पण बोलणारा कोण आणि ऐकून घेणारा कोण, हे त्या नावापाशी बदलत असेल, तर गझल पुन्हा मतल्यापासून वाचावी. पहिल्या वाचनात जो रडवेला वाटला होता, तो स्वतःवर हसू शकणारा माणूस आहे, हे आता आपल्याला माहीत असते.