हातच्याची वाट न पाहणारी बेरीज

९९९९ मध्ये १ मिळवायचा असेल तर शाळकरी मूल उजवीकडून सुरुवात करते. नऊ आणि एक दहा, शून्य लिहिले, हातचा एक. पुन्हा नऊ आणि एक दहा. हा हातचा घरामागून घर ओलांडत डावीकडे पोहोचत नाही, तोवर तिथला अंक नक्की होत नाही.

चिपमधले सर्वांत साधे बेरजेचे मंडल, म्हणजे रिपल कॅरी अ‍ॅडर, नेमके हेच करते. प्रत्येक घरासाठी एक फुल अ‍ॅडर असतो आणि तो आपला हातचा शेजाऱ्याच्या हाती देतो. व्हेरिलॉगमध्ये तो असा लिहितात:

```verilog
module fa(output s, co, input a, b, ci);
  wire p, g, t;
  xor #1 (p, a, b);
  and #1 (g, a, b);
  xor #1 (s, p, ci);
  and #1 (t, p, ci);
  or  #1 (co, g, t);
endmodule
```

यातला `#1` महत्त्वाचा. गेटच्या तोंडाशी बदल झाला की त्याचे उत्तर बाहेर यायला थोडा वेळ लागतो. तो इथे प्रत्येक गेटसाठी एक एकक धरला आहे. `#1` गाळला तर सिम्युलेशनमध्ये सगळी उत्तरे त्याच क्षणी येतात आणि दोन अ‍ॅडरमधला फरक दिसतच नाही.

असे चार फुल अ‍ॅडर जोडून त्यांना सगळ्यात कठीण बेरीज द्यावी: आधी सगळीकडे शून्य, मग एकदम ११११ अधिक ००००, आणि उजवीकडून येणारा हातचा १. उत्तर १६, म्हणजे चारही घरांत शून्य आणि बाहेर पडणारा हातचा १. सिम्युलेशनमध्ये मात्र दुसऱ्या एककाला १४ दिसतात, चौथ्याला १२, सहाव्याला ८ आणि आठव्याला शून्य. शेवटचा हातचा नवव्या एककाला बाहेर पडतो. हातचा एकेक घर पार करतो, त्यात दर घरी एक अँड आणि एक ऑर असे दोन गेट लागतात. मधल्या काळात कोणी उत्तर वाचले तर १२ किंवा ८ अशी चक्क चुकीची संख्या हाती येईल.

कॅरी लुकअहेड अ‍ॅडर ही रांगच मोडतो. प्रत्येक घराला तो दोन प्रश्न विचारतो: तू स्वतः हातचा तयार करणार आहेस का, आणि उजवीकडून आलेला हातचा पुढे सोडणार आहेस का? पहिल्याचे उत्तर `g`, दुसऱ्याचे `p`. दोन्ही उत्तरे त्या घराच्या स्वतःच्या अंकांवरून मिळतात, त्यासाठी शेजाऱ्याकडे पाहावे लागत नाही. मग दुसऱ्या घरातून निघणारा हातचा थेट लिहिता येतो:

```verilog
and #1 (t1, p[1], g[0]);
and #1 (t2, p[1], p[0], c0);
or  #1 (c2, g[1], t1, t2);
```

तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या ओळी याच धाटणीच्या, फक्त अधिक लांब. तीच बेरीज इथे दिली की पहिल्या एककाला सगळे `p` आणि `g` तयार, तिसऱ्याला सगळे हातचे, चौथ्याला पूर्ण उत्तर.

विद्यार्थी इथे एक चूक हमखास करतात. ते `c2` साठी `g[1] | (p[1] & c1)` असे लिहितात. तर्क बरोबर, उत्तरही बरोबर. पण `c1` आला की हातच्याची जुनी रांग परत आली. मॉड्यूलचे नाव काहीही असो, लिहिलेला असतो तो रिपलच. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रत्येक हातच्याच्या सूत्रात उजव्या बाजूला `p`, `g` आणि `c0` यांखेरीज काही दिसता कामा नये.

हीच युक्ती १६ घरांना सरळ लावली तर शेवटच्या हातच्यासाठी १७ तोंडांचा अँड गेट लागेल. इतका रुंद गेट एका एककात उत्तर देईल हे धरणे खोटे ठरते. म्हणून चार-चार घरांचे गट करतात आणि प्रत्येक गटालाही तेच दोन प्रश्न विचारतात. ७४१८१ या जुन्या प्रसिद्ध चिपमध्ये चार घरांचे गणित होते आणि असे चार गट जोडण्यासाठी ७४१८२ ही वेगळी लुकअहेड चिप मिळे. अशा दोन पायऱ्यांच्या रचनेत १६ घरांच्या बेरजेचा शेवटचा अंक आठव्या एककाला ठरतो. रिपलला त्यासाठी ३२ एकके लागतात. किंमत मोजावी लागते ती जास्तीच्या गेटांची आणि तारांची.

हे आकडे सगळे गेट सारखेच वेगवान मानून काढले आहेत. प्रत्यक्षात एक्सॉर बहुधा अँडपेक्षा संथ असतो आणि पाच तोंडांचा गेट दोन तोंडांच्या गेटपेक्षा मागे पडतो, त्यामुळे खरा फायदा चौपटीहून कमीच निघतो.

एफपीजीएवर तर चित्र आणखी बदलते. तिथे हातच्यासाठी खास वेगवान तारा आधीच बसवलेल्या असतात आणि `a + b` एवढेच लिहिले की सिंथेसिसचे सॉफ्टवेअर त्या वापरते. हाताने लिहिलेला लुकअहेड साध्या गेटांतून जातो आणि बरेचदा त्याहून मंद ठरतो. म्हणून एफपीजीएसाठी अ‍ॅडर लिहिणाऱ्याने आधी `a + b` लिहून टायमिंग रिपोर्ट पाहावा आणि त्यात बेरजेचाच मार्ग सर्वांत लांब निघाला, तरच दुसऱ्या रचनेला हात घालावा.