लिफ्टचा कारभार हाती घेताना

आपल्या गटाची सचिव बदलली की आपण दप्तर, पासबुक, शिक्का आणि पेटीची किल्ली मोजून घेतो. पुण्यात धायरीला राहणाऱ्या आमच्या वन्सं त्यांच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. त्यांनी लिफ्टची देखभाल करणारी कंपनी बदलली, तेव्हा अगदी हेच करावं लागलं.

त्यांची लिफ्ट महिन्यातून दोनदा मधेच अडकायची आणि मेकॅनिक दुसऱ्या दिवशी उगवायचा. सगळे म्हणाले, "उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा." वन्संनी आधी करार काढून वाचला. त्यात एक महिन्याच्या नोटिशीची अट होती. कमिटीत ठराव झाला, लेखी नोटीस गेली, तिची पोच घेतली. नव्या कंपनीचा करार जुना संपेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरला. मध्ये एकही दिवस लिफ्ट बेवारस राहू नये, कारण कुणी आत अडकलं तर बोलवायचं कुणाला?

करार संपण्याच्या तीन दिवस आधी जुना मेकॅनिक, नवा मेकॅनिक आणि कमिटीचे दोघं असे एकत्र वर मशीनखोलीत गेले. दोराच्या तारा तुटल्यात का, ब्रेक धरतो का, वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी चालते का, हे पाहून कागदावर लिहिलं. फोटो काढले आणि सगळ्यांनी सह्या केल्या. नंतर "हे आधीच मोडलं होतं" असा वाद नको.

तिथेच खरा धोका सापडला. दाराचं कुलूप नीट लागलं तरच लिफ्ट चालावी, अशी सोय असते. ते कुलूप सतत बिघडतं म्हणून कुणीतरी वायर जोडून ती सोय बंद करून ठेवली होती. म्हणजे दार उघडं असतानाही लिफ्ट हलली असती! नव्या मेकॅनिकनं मेन स्विच बंद करून वायर काढली, कुलूप बदललं आणि दार उघडं ठेवून लिफ्ट हलत नाही, हे तपासून दाखवलं. तोवर लिफ्ट बंदच ठेवली.

मग ताबा घेतला. मशीनखोलीच्या किल्ल्या आणि बाहेरून दार उघडायची खास किल्ली मोजून घेतली. ही किल्ली भलत्याच्या हाती पडली, तर लिफ्ट नसताना दार उघडून माणूस थेट खड्ड्यात पडू शकतो. सरकारी परवाना, लिफ्ट निरीक्षकांचे तपासणी अहवाल, दुरुस्तीची वही आणि वायरिंगचा नकाशा हे कागद घेतले. लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचा पासवर्डही लिहून घेतला. तो नसेल तर नव्या माणसाला आतली सेटिंग बदलता येत नाही आणि सोसायटी जुन्याच कंपनीच्या दारात अडकून राहते. दुरुस्तीला म्हणून नेलेलं एक सर्किट कार्डही परत मागितलं, कारण ते सोसायटीच्या मालकीचं होतं.

शेवटचं बिल ही सगळी यादी पूर्ण झाल्यावरच चुकतं केलं. वन्सं म्हणाल्या, "आधी पैसे दिले असते, तर वही आणायला कोण परत आलं असतं?"