रिंग फ्रेम दुरुस्त केली की नवी आणली?

सूतगिरणीतल्या रिंग फ्रेमवर शेकडो चात्या एका रांगेत फिरत असतात, मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांच्या वेगाने. प्रत्येक चातीभोवती एक पोलादी रिंग असते आणि त्या रिंगवर ट्रॅव्हलर नावाची नखाएवढी धातूची कडी पळते. तिच्यामुळे धाग्याला पीळ बसतो आणि तो बॉबिनवर गुंडाळला जातो. ही कडी घर्षणाने झिजते. झिजली की धाग्यावर केस उभे राहतात, धागा वारंवार तुटतो आणि जॉबरच्या ते लगेच लक्षात येतं. मग सगळे ट्रॅव्हलर बदलावे लागतात. वरच्या रोलरवरची रबरी कॉट्स घासून गुळगुळीत करावी लागतात, काही काळाने तीही बदलावी लागतात. चाती फिरवणारे पट्टे सैल पडतात, तेही बदलतात.

हा सगळा खर्च महसुली. ज्या वर्षी झाला त्याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात तो पूर्ण वजा होतो, आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. त्याच गिरणीने जुनी रिंग फ्रेम भंगारात काढून नवी आणली, तर तो भांडवली खर्च. ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून जाते आणि तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी घसाऱ्याच्या रूपाने नफ्यातून वजा होते. ही दोन टोकं झाली. भांडण होतं ते मधल्या पट्ट्यात, आणि त्यामागचं कारण पैशाचं आहे.

समजा एका गिरणीला वर्षाला एक कोटी रुपये नफा झाला आणि त्याच वर्षी तिने एका रिंग फ्रेमवर 60 लाख खर्च केले. ही दुरुस्ती ठरली तर करपात्र नफा 40 लाख. कराचा दर 30 टक्के धरला, अधिभार बाजूला ठेवला, तर कर 12 लाख. हाच खर्च भांडवली ठरला तर यंत्रसामग्रीच्या सर्वसाधारण 15 टक्के दराने पहिल्या वर्षी फक्त नऊ लाख घसारा मिळतो. करपात्र नफा 91 लाख आणि कर 27 लाख 30 हजार. म्हणजे एका शब्दावर 15 लाख 30 हजार रुपयांचा फरक. यंत्र वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं असेल तर पहिल्या वर्षीचा घसाराही निम्मा होतो. नव्या यंत्रावर काही उत्पादकांना अतिरिक्त घसारा मिळतो, तो इथे धरलेला नाही.

भांडवली खर्चाची वजावट बुडत नाही, लांबते. पण बरीच लांबते. घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजला जात असल्यामुळे पूर्ण दराने पाच वर्षं घसारा घेऊनही या 60 लाखांपैकी साडेसव्वीस लाखांहून अधिक रक्कम वजा व्हायची राहते. बँकेचं व्याज भरणाऱ्या गिरणीला हा उशीर जड जातो. म्हणून गिरणीमालक ‘दुरुस्ती’ म्हणतो आणि आयकर अधिकारी ‘नवं यंत्र’.

मग ठरवायचं कसं? यावरची एक पायाभूत कसोटी मुंबई उच्च न्यायालयातून आली. न्यू शोरॉक मिलच्या 1956 च्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यातल्या ‘चालू दुरुस्ती’चा अर्थ लावला. हाती असलेली मालमत्ता जपण्यासाठी, चालती ठेवण्यासाठी केलेला खर्च ही चालू दुरुस्ती. त्यातून नवी मालमत्ता उभी राहता कामा नये आणि मालकाला नवा किंवा वेगळा लाभ मिळता कामा नये. या कसोटीत बिलाच्या आकड्याचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यायला हवं. वीस लाखांची दुरुस्ती महसुली असू शकते आणि पन्नास हजारांची जोडणी भांडवली. ‘मोठी रक्कम म्हणजे भांडवली’ हा समज छोट्या कारखान्यांच्या हिशेबात आजही सर्रास दिसतो, आणि तो चुकीचा आहे.

कसोटी ऐकायला सोपी आहे. ती लावताना काय होतं, हे पाहायला रिंग फ्रेमइतकं चांगलं उदाहरण नाही. याच यंत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरं दिली, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत.

पहिला खटला महालक्ष्मी टेक्स्टाइल मिल्सचा, निकाल 1967 चा. गिरणीने आपल्या कताई यंत्रांवर कासाब्लँका पद्धत बसवली होती. जुने रोलर स्टँड आणि खाचदार रोलर काढून त्या जागी रबरी एप्रन असलेली नवी रचना आली. एप्रन म्हणजे छोटा पट्टा. तो कापसाच्या तंतूंना धरून ठेवतो, त्यामुळे ते जास्त ताणता येतात आणि तरी विस्कटत नाहीत. ही उघडउघड सुधारणा होती. गंमत म्हणजे गिरणीने स्वतःच आधी ही नवी यंत्रसामग्री आहे असं सांगून विकास सवलत मागितली होती, दुरुस्तीचा मुद्दा पर्यायी म्हणून पुढे आला. न्यायालयाने तो चालू दुरुस्तीचाच खर्च मानला. वर्षानुवर्षांच्या ताणाने यंत्राचे भाग झिजले होते आणि तसेच जुने भाग आता बाजारात मिळत नव्हते. जे मिळाले ते बसवले, ते अधिक चांगले निघाले. यंत्र मात्र तेच राहिलं.

दुसरा खटला सरवणा स्पिनिंग मिल्सचा, 2007 चा. इथे अख्ख्या रिंग फ्रेमच बदलल्या होत्या. गिरणीची बाजू ऐकताना क्षणभर पटते. कापूस ब्लो रूममध्ये मोकळा होतो, कार्डिंगमध्ये पिंजला जातो, मग ड्रॉ फ्रेम, मग स्पीड फ्रेम आणि शेवटी रिंग फ्रेमवर त्याचं सूत होतं. एकटी रिंग फ्रेम कापसाची गासडी घेऊन सूत देऊ शकत नाही. तेव्हा संपूर्ण गिरणी हेच एक यंत्र आणि रिंग फ्रेम हा त्याचा एक भाग. भाग बदलला, यंत्र तेच, म्हणून ही दुरुस्ती, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. प्रत्येक टप्प्यावरचं यंत्र स्वतंत्र आहे, त्याचं काम वेगळं आहे आणि त्यातून बाहेर पडणारा मालही वेगळा आहे. एकाचा माल दुसऱ्यात जातो म्हणून दोन्ही मिळून एक यंत्र होत नाही. रिंग फ्रेम काढून नवी बसवली, तेव्हा जुन्या यंत्राचं काहीच उरलं नाही. मग दुरुस्ती झाली ती कशाची?

हा शेवटचा प्रश्न मला या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली वाटतो. दुरुस्ती म्हणायची तर दुरुस्त झालेली वस्तू काम संपल्यावर जागेवर असायला हवी. म्हणून खर्च पाहण्याआधी ‘यंत्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं’ हे ठरवावं लागतं. रोलर, एप्रन, चाती, रिंग हे यंत्राचे भाग. रिंग फ्रेम हे यंत्र. गिरणी म्हणजे यंत्रांचा समूह. उत्पादन वाढलं नाही एवढ्यावरही गिरणीची सुटका होत नाही. जुन्या यंत्राइतकंच सूत देणारं नवं यंत्र हेही नवंच यंत्र असतं. 2009 मध्ये श्री मंगयार्करसी मिल्सच्या निकालात न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली.

सुधारणेच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या प्रकारे नाजूक होतो, कारण तिथे यंत्र जागेवरच असतं. रिंग फ्रेमवर भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं काम पूर्वी कामगार हाताने करत. त्याच फ्रेमला स्वयंचलित डॉफर जोडला तर यंत्र जे काम आधी करत नव्हतं ते करू लागतं. हा नवा लाभ आहे आणि त्याचा खर्च भांडवली. मग महालक्ष्मीच्या एप्रननेही सूत सुधारलंच होतं, त्याचं काय? फरक हेतूत आणि गरजेत आहे. तिथे झिजलेला भाग बदलणं भाग होतं आणि सुधारणा त्याबरोबर आली. डॉफरच्या बाबतीत झिजलेलं काहीच नव्हतं, मालकाला नवी क्षमता हवी होती.

जुनं यंत्र विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. भिवंडी, इचलकरंजीत परदेशातून आलेले वापरलेले रेपियर माग पुष्कळ घेतले जातात. माग उतरवला, बेअरिंग बदलली, वायरिंग नव्याने केलं आणि मग उत्पादन सुरू झालं. हीच बेअरिंग दोन वर्षं चाललेल्या मागावर बदलली असती तर खर्च महसुली झाला असता. इथे मात्र तो मागाच्या किमतीत मिळवावा लागतो. यंत्र पहिल्यांदा वापरायोग्य करण्यासाठी लागलेला पैसा हा ते मिळवण्याचाच खर्च आहे. माग स्वस्त मिळाला तो तशा अवस्थेत होता म्हणूनच.

उलट्या दिशेची लबाडीही होते. कर्ज हवं असलेला कारखानदार नफा जास्त दिसावा म्हणून साधी दुरुस्ती भांडवली खात्यात टाकतो. आठ लाखांची दुरुस्ती अशी दडवली तर 15 टक्के घसारा जाऊन त्या वर्षीचा नफा सहा लाख ऐंशी हजारांनी फुगतो. ताळेबंद वाचणाऱ्याला ते पकडता येतं. यंत्रसामग्रीची किंमत वाढलेली असते, पण शेडमध्ये यंत्रांची संख्या तेवढीच आणि उत्पादनही तेवढंच. यंत्रं एका वर्षाने जुनी झाली असूनही दुरुस्तीचा खर्च मात्र अचानक घटलेला. या गोष्टी एकत्र दिसल्या की बिलं मागवून पाहावीत.

बहुतेक प्रकरणं कायद्याच्या बारकाव्यापेक्षा कागदावर अडतात. ‘रिंग फ्रेम ओव्हरहॉलिंग, 14 लाख’ अशा एका ओळीच्या बिलात झिजलेले रोलरही असतात आणि नवा डॉफरही, आणि तीन वर्षांनी अधिकारी विचारतो तेव्हा कोणता पैसा कशाचा हे सांगायला फिटर नोकरीत उरलेला नसतो. म्हणून लहान-मोठ्या प्रत्येक कारखानदाराला एक आग्रहाची विनंती आहे. दुरुस्ती आणि नवी जोडणी यांची बिलं वेगळी घ्या. कोणता भाग काढला, तो का काढला, त्याच्या जागी कोणता बसवला आणि जुना भाग मिळत नव्हता तर तसं पुरवठादाराचं पत्र, एवढं काम झालं त्याच आठवड्यात लिहून, काढलेल्या भागाच्या फोटोसह फाइलला लावा.