शंभर खेळणी आणि एक ताई

वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांसाठी टॉय लायब्ररी सुरू करायची म्हणून एखादी छोटी संस्था कंपनीकडे पैसे मागायला जाते, तेव्हा तिच्या अर्जात बहुधा एक भलीमोठी यादी असते. इतके ठोकळे, इतके कॅरम, इतकी कोडी, दोन कपाटं, एक फलक. देणाऱ्यालाही अशी यादी आवडते. वस्तू मोजता येतात, त्यांचा फोटो निघतो, बिल मिळतं आणि 31 मार्चच्या आत सगळा हिशेब बंद होतो. घोडं अडतं ते पुढच्या पावसाळ्यात. कपाटाला कुलूप लागलेलं असतं, किल्ली कुणाकडे हे कुणाला सांगता येत नाही आणि आतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरलेली असते.

टॉय लायब्ररी ही कल्पना पुस्तकांच्या वाचनालयासारखीच आहे. खेळणं घरी न्यायचं, खेळायचं, परत आणायचं. जगातली सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाते ती लॉस एंजेलिसमधली, 1935 सालची. महामंदीचे दिवस होते. एका स्वस्त वस्तूंच्या दुकानातून मुलं खेळणी उचलून नेतात हे मालकाच्या लक्षात आलं, आणि त्यातून मुलांना खेळणी उसनी देण्याची योजना उभी राहिली. ती आजही तिथल्या काउंटी प्रशासनातर्फे चालते. माझ्या मते तिच्यातली सर्वांत शहाणी गोष्ट अशी की ठरावीक वेळा खेळणी नीट आणि वेळेवर परत केली की मुलाला एक खेळणं कायमचं मिळतं. योजनेचं सगळं लक्ष परतीवर आहे. 1963 साली स्टॉकहोममध्ये ‘लेकोटेक’ निघालं ते अपंग मुलांसाठी. तिथे खेळणं देण्याआधी जाणकार माणूस आईवडिलांशी बसून बोलायचा, या मुलाला आत्ता काय जमतंय ते बघायचा. म्हणजे दोन्हीकडे खेळण्यांच्या जोडीला एक माणूस होता. आपल्या अर्जांतून गळतो तो नेमका हाच.

एक नमुना मांडून पाहू. आकडे माझे, गृहीत धरलेले. पण बाजारभावापासून फार लांबचे नाहीत. चाळीस मुलं सभासद आहेत. लायब्ररी आठवड्यातून दोन संध्याकाळी, तीन-तीन तास उघडते. चाळीस खेळणी एका वेळी घरोघरी गेलेली असणार, काही दुरुस्तीत असणार, आणि तरीही आलेल्या मुलाला निवड करता यायला हवी. म्हणून शंभर खेळणी लागतात. सरासरी 400 रुपये धरले तर 40,000. कुलपाची दोन लोखंडी कपाटं 24,000. पिशव्या, झाकणाचे डबे आणि साफसफाईचं सामान 9,000. हरवण्या-मोडण्यासाठी खेळण्यांच्या किमतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे 8,000. नोंदवह्या, कार्डं आणि लायब्ररी सांभाळणाऱ्या ताईचं प्रशिक्षण मिळून 9,000. आणि ताई. सहा तास लायब्ररी, दोन तास आवराआवर, असे आठवड्याला आठ तास. तासाला 150 रुपयांनी पन्नास आठवड्यांचे 60,000. एकूण दीड लाख. यात खेळण्यांचा वाटा एक चतुर्थांशाहून जेमतेम जास्त आहे आणि सर्वांत मोठी रक्कम मानधनाची आहे. ज्या अर्जात हे प्रमाण उलटं दिसतं, तिथे वर्षभर काम फुकटात करणारं कुणीतरी गृहीत धरलेलं असतं.

देणारे मानधनाला कचरतात, कारण ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको’ हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ही मर्यादा खरी आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी, त्यावर देखरेख करण्यासाठी होणारा खर्च नियमांनीच त्यातून वगळला आहे. ताई म्हणजे प्रकल्पच. तिचं मानधन प्रकल्पखर्चात दाखवायचं आणि अर्जात एका ओळीत तसं लिहून टाकायचं. दुसरं असं की कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळांचा जो उल्लेख आहे तो ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक क्रीडाप्रकारांच्या प्रशिक्षणाचा आहे. सापशिडी त्यात बसत नाही. टॉय लायब्ररीचा अर्ज शिक्षणाच्या कलमाखालीच करावा. आणि तो एका वर्षाचा न करता ‘चालू प्रकल्प’ म्हणून दोन-तीन वर्षांचा करावा. तशा प्रकल्पाचे वर्षअखेर न खर्चलेले पैसे कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतात. मार्चमध्ये एकदम खरेदी उरकण्याची घाई मग निम्म्याने कमी होते.

जागेचं काय? समाजमंदिर बहुतेक वेळा महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं. तिथे लग्नं होतात, भजनं होतात, लसीकरण होतं, निवडणुकीत मतदान केंद्र येतं. तेव्हा कोणते दोन वार, किती ते किती आणि कपाट कोणत्या भिंतीला हे लिहिलेलं परवानगीचं पत्र अर्जाला जोडावं. सीएसआरच्या पैशातून घेतलेल्या भांडवली वस्तू कोणाच्या मालकीच्या राहतील याचेही नियम आहेत. कपाटं संस्थेची की पालिकेची, हे आधीच ठरलेलं बरं.

आता खरेदी. क्यूबेकच्या डेनिस गारों यांनी पियाजेच्या विचारांवर उभं केलेलं एक वर्गीकरण टॉय लायब्रऱ्यांत वापरलं जातं. त्यात खेळण्यांचे चार गट आहेत: हातापायांना, इंद्रियांना चाळा देणारी, भातुकलीसारखी खोट्या-खोट्याची, जोडून काही घडवायची, आणि नियमांचे खेळ. आपल्याकडच्या याद्यांत चौकटीतली इंग्रजी अक्षरं, आकडे आणि फळांची कोडी यांचाच भरणा असतो, कारण ती ‘शैक्षणिक’ दिसतात. शंभरांत अशी दहा पुरेत. भातुकली आणि डॉक्टरचा संच मात्र दोन-दोन हवेत. कपाटात ते कधी दिसायचेच नाहीत.

मी मात्र गारोंच्या चार गटांवर आणखी एक चाळणी लावीन: एक तुकडा हरवला तर काय होतं? साठ तुकड्यांच्या चित्रकोड्याचा एक तुकडा गेला की कोडं मेलं. ल्युडोची सोंगटी हरवली तर चिंचोका किंवा बटण चालतं. सारीपाट, कवड्या, सागरगोटे, भोवरा यांना तर सुट्या भागांची कधी ददात पडत नाही. ठोकळ्यांच्या शंभरातून चार गेले तरी घर बांधता येतं. त्यामुळे पहिल्या वर्षी चित्रकोडी कमी आणि मोठ्या तुकड्यांची घ्यावीत.

परतीच्या टेबलावर खरी परीक्षा होते. पंचवीस मुलं एका संध्याकाळी आली तर ताई प्रत्येक ठोकळा मोजत बसणार नाही, आणि मोजला नाही तर दोन महिन्यांत निम्मे संच अर्धे होतील. यावर सोपा उपाय स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पिशवीवर संचाचं वजन लिहून ठेवायचं, परत आली की काट्यावर टाकायची. लाकडी ठोकळा कमी असेल तर लगेच कळतं. पातळ पुठ्ठ्याचा तुकडा काट्याला नीट उमगत नाही, म्हणून कोडं तिथेच, आणणाऱ्या मुलानेच जुळवून दाखवायचं. त्याला तेही आवडतं. डब्याच्या झाकणावर आतल्या वस्तूंचा फोटो आणि संख्या चिकटवली की वाचता न येणारी आजीसुद्धा घरी मोजणी करून पाठवते. दंड आणि अनामत ठेवू नये, असं माझं मत आहे. शंभर रुपयांची अनामत ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठीच तर ही सोय आहे. आणि दंडाच्या भीतीने मोडलेलं खेळणं परत येतच नाही, त्यासोबत मूलही यायचं थांबतं.

सुरक्षिततेचा एक मुद्दा अर्जात हमखास निसटतो. खेळणं सात वर्षांची मुलगी नेते, पण घरी तिचा दीड वर्षाचा भाऊ असतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान तुकड्यांची जी चाचणी असते, त्यातल्या नळीचा व्यास 31.7 मिलिमीटर आहे. त्या नळीत जी वस्तू न दाबता पूर्ण मावते, ती लहानग्याच्या घशात अडकू शकते. सोंगट्या, मणी, फासे, गोट्या सगळ्या मावतात. म्हणून सभासद कार्डावर मुलाच्या वयाबरोबर घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचं वयही लिहावं, आणि तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरी हे खेळ पाठवू नयेत. ते समाजमंदिरातच बसून खेळावेत. बटणाच्या आकाराच्या बॅटरीची आणि सुट्या चुंबकांची खेळणी मुळीच घेऊ नयेत. नवी खेळणी घेताना आयएसआय खूण बघावी. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा लाकडी खेळणी खूण नाही म्हणून लगेच नाकारू नयेत. कारागिराची नोंदणी विचारावी.

देणगीदार एक अवघड प्रश्न विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा. दीड लाख भागिले चाळीस म्हणजे मुलामागे 3,750 रुपये. एवढ्यात प्रत्येकाला घरीच खेळणी घेऊन दिली तर? पहिल्या वर्षापुरतं याला बिनतोड उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी कपाटं, डबे, मूळ खरेदी निघून जाते. मानधन 60,000, भरपाई 15,000 आणि किरकोळ 5,000 मिळून 80,000 लागतात, म्हणजे मुलामागे 2,000. तरी रक्कम लहान नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत खेळणी ठेवायला जागा नसते, आणि दोन वर्षांच्या मुलाचं खेळणं सहा महिन्यांत त्याला पोरकट वाटू लागतं. लायब्ररीत ते पुढच्या मुलाकडे जातं. चाळीस मुलांनी वर्षात पंचेचाळीस वेळा खेळणी बदलली तर 1,800 फेऱ्या होतात. सुट्या, गाव, आजारपण धरून हजाराचं उद्दिष्ट लिहावं. मग पहिल्या वर्षी एका फेरीला 150 आणि दुसऱ्या वर्षी 80 रुपये पडतात. हजाराऐवजी तीनशेच फेऱ्या होत असतील तर घरी खेळणी वाटणं खरंच स्वस्त पडलं असतं, आणि अर्जदाराने ते मान्य करावं.

म्हणून अहवालात ‘लाभार्थी संख्या’ ही एकच ओळ पुरत नाही. उद्घाटनाच्या दिवशी दोनशे मुलं येतात, तो आकडा फसवा असतो. तीन गोष्टी दर तिमाहीला लिहाव्यात: किती फेऱ्या झाल्या, त्यांतल्या किती फेऱ्यांत संच पूर्ण परत आले, आणि पहिल्या महिन्यातल्या सभासदांपैकी आज किती येतात. वर्षअखेरीला कपाट नव्यासारखं चकचकीत दिसत असेल, तर पाहणीला येणाऱ्याने शाबासकी देण्याआधी नोंदवही उघडावी.

अर्जाच्या शेवटच्या पानावर बंद पडण्याची तरतूदही हवी. निधी थांबला, ताई सोडून गेली, समाजमंदिर पाडायला निघालं, तर खेळणी कुठे जाणार? जवळच्या दोन अंगणवाड्यांची नावं, वयानुसार वाटणी आणि ती करण्याची जबाबदारी कोणावर, एवढं तीन ओळींत लिहिता येतं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी वेगळ्या रंगाच्या पिशव्यांत ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर ही वाटणी एका दुपारी उरकते.